आमेन, सेला, हालेलूया: मराठीत उतरवायचे की जसेच्या तसे ठेवायचे?

माहीमची_स्मिता

नमस्कार मंडळी. मार्चच्या मध्यावर माहीमला स्तोत्रगायनाची एक संध्याकाळ आहे. बायबलातले स्तोत्र ४६ पूर्ण आणि स्तोत्र १०६ चा शेवट, एवढे मराठीत गायचे आणि वाचायचे आहे. पुस्तिका माझ्याकडे आली आहे. गाणाऱ्यांत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघेही आहेत, बेने इस्राएलांपैकीही काही जण येणार आहेत, आणि समोर बसणाऱ्यांत निम्मे तरी असे असतील ज्यांनी बायबल कधी उघडलेले नाही. म्हणून कुठलाही परका शब्द न ठेवता सगळे मराठीत करावे असे मनात आहे. १०६ चा शेवट सध्या असा लिहिला आहे, आमेनच्या जागी तथास्तु आणि हालेलूयाच्या जागी शेवटची ओळ:

इस्राएलाचा देव परमेश्वर युगानुयुग धन्य असो,
आणि सर्व लोक म्हणोत, तथास्तु.
परमेशाचे स्तवन करा.

४६ मध्ये तीन ठिकाणी "सेला" येते. तिथे कंसात "विराम" घातले आहे. हे चालेल का?

गिरगावकर_७२

चालेल काय, असेच हवे. मराठी माणसाला हिब्रू कशाला ऐकवायचे? आमेन म्हणजे "असे होवो", म्हणजेच तथास्तु. सेला म्हणजे थांबा आणि चिंतन करा, हे कुठल्याही टीपेत सापडेल. आणि भाषांतराला जुना आधारही आहे. ख्रिस्तपूर्व काळातच ग्रीक भाषांतरकारांनी हे सगळे शब्द ग्रीकमध्ये उतरवले होते. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

जुनापाठ

गिरगावकर, ग्रीकबद्दल तुमचे अर्धे बरोबर आहे, पण उरलेले अर्धेच इथे कामाचे आहे. त्या भाषांतरकारांनी तिन्ही शब्दांना तीन वेगळे न्याय लावले. हालेलूयाला त्यांनी हात लावला नाही, अक्षरे बदलून तसेच ठेवले. सेलाला "डायप्साल्मा" हा शब्द दिला, त्यावर पुढे लिहितो. आमेनचे मात्र स्तोत्रांत "गेनोइतो" केले, म्हणजे "तसे घडो".

गंमत अशी की स्मिताताईंनी घेतलेली ओळच बायबलमध्ये दोनदा आहे. एकदा स्तोत्र १०६ च्या शेवटी आणि एकदा पहिल्या इतिहासाच्या १६ व्या अध्यायात, ३६ व्या वचनात. ग्रीक स्तोत्रात लोक "गेनोइतो, गेनोइतो" म्हणतात, आणि ग्रीक इतिहासात तेच लोक "आमेन" म्हणतात. एकच प्रसंग, दोन हात, दोन निर्णय. त्यामुळे "ग्रीकांनी भाषांतर केले" हा पुरावा दोन्ही बाजूंना लागू पडतो.

तथास्तुला माझा विरोध मात्र ठाम आहे. मराठीत तथास्तु कोण म्हणतो? वर देणारा. भक्त मागतो आणि देव किंवा ऋषी तथास्तु म्हणतो. आमेन उलट दिशेने जाते. ते ऐकणारा म्हणतो, मागणाऱ्यांच्या रांगेतला माणूस म्हणतो. "सर्व लोक म्हणोत, तथास्तु" असे छापले तर लोकच परमेश्वराला वर देत आहेत असे दिसेल. गणना ५:२२ मध्ये तर संशयित स्त्रीला याजक शापाची शपथ घालतो आणि ती "आमेन, आमेन" म्हणते. तिथे तथास्तु घालून पाहा, ती स्वतःच शाप देते आहे असे होईल.

शब्दवेध

एक मूलभूत मुद्दा कुणीच मांडत नाही. ओम् आणि आमेन हे मुळात एकच आहेत. आमीनही तेच. ध्वनी बघा ना. मग आमेनच्या जागी सरळ ओम् लिहिले तर सगळ्यांनाच आपले वाटेल.

जुनापाठ

शब्दवेध, आमेन आणि आमीन एकच, हे खरे. अरबीतले आमीन त्याच घराण्यातले आहे. ओम् नाही. आमेनमागे हिब्रूतला आ-म-न हा धातू आहे, अर्थ पक्के असणे, भरवशाचे असणे. विश्वास आणि सत्य यांचे हिब्रू शब्दही त्याच धातूचे. त्यातला "न" काढून चालत नाही, आणि ओम् मध्ये तो नाहीच. शिवाय जागा वेगळी: ओम् ने आरंभ होतो, आमेन हा दुसऱ्याच्या शब्दांवर दिलेला जबाब आहे.

शब्दवेध

ध्वनिसाम्य योगायोग असू शकत नाही असे माझे मत कायम आहे. असो.

वसईचा_वाचक

आमेनचे भाषांतर का फसते ते उपासनेत पटकन कळते. "तथास्तु" नको म्हणून "तसे होवो" घेऊ, असे कुणी सुचवतील. प्रार्थनेनंतर ते खपते. "आम्हांला शांती दे" आणि त्यावर "तसे होवो", ठीक. पण कम्युनियनच्या वेळी फादर म्हणतात "ख्रिस्ताचे शरीर" आणि घेणारा म्हणतो "आमेन". तिथे "तसे होवो" म्हटले तर अर्थ होतो की अजून झालेले नाही, होवो अशी इच्छा आहे. तिथला आमेन म्हणजे "होय, हे खरे आहे". एकाच मिस्सेत एकच शब्द दोन कामे करतो. मराठीत दोन शब्द करावे लागतील आणि कुठे कुठला ते लोकांना शिकवावे लागेल.

प्रश्न नवा नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टिरने रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती उपासनेचे वर्णन लिहिले. त्यात तो सांगतो की प्रार्थना संपली की सगळे लोक आमेन म्हणतात, आणि लगेच खुलासा करतो की हिब्रूत याचा अर्थ गेनोइतो. म्हणजे लोकांच्या तोंडी शब्द मूळचाच, आणि अर्थ बाहेरच्या वाचकासाठी शेजारी. तुमच्या पुस्तिकेलाही हेच लागू पडेल असे मला वाटते.

गिरगावकर_७२

मग आपल्याच मराठी बायबलात येशू "मी तुम्हांला खचीत सांगतो" म्हणतो, तिथेही मूळ ग्रीकमध्ये आमेनच आहे ना? तिथे भाषांतर चालले आणि इथे नाही, हे कसे?

जुनापाठ

हा प्रश्न नेमका आहे. होय, तिथे आमेनच आहे. योहानात तर तो जोडीने येतो, म्हणून मराठीत "खचीत खचीत". फरक जागेचा आहे. तिथला आमेन वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि बोलणारा आपल्याच पुढच्या शब्दांना जोर देतो. ते काम मराठी क्रियाविशेषण बिनबोभाट करते. लूकनेही काही ठिकाणी आमेन सोडून साधा ग्रीक शब्द "खरोखर" वापरला आहे. तिथे "आमेन आमेन, मी तुला सांगतो" असे ठेवले असते तर मराठी कानाला प्रार्थना संपली असेच वाटले असते.

शेवटी येणारा आमेन हा जबाब असतो. तो वाचणाऱ्याचा नसतो, जमलेल्यांचा असतो. म्हणून माझा नियम असा: सुरुवातीचा आमेन उतरवा, जबाबाचा आमेन ठेवा. १०६:४८ मध्ये तर मूळ पाठच लोकांना सांगतो की काय म्हणा. तिथे लोकांनी जे प्रत्यक्ष म्हणायचे तेच अक्षरशः छापलेले हवे.

भायखळा_लेन

बेने इस्राएल बाजूने लिहिते. आमच्याकडे मराठीत प्रार्थनेचे अर्थ छापलेली पुस्तके पूर्वीपासून आहेत, पण जबाब आमेनच. त्याचे कारण केवळ सवय नाही. आमेन कसा म्हणायचा याचे नियम आहेत, आणि ते शब्दाच्या अक्षरांना धरून आहेत. तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात, बराखोत ४७ अ या पानावर, तीन प्रकारचे आमेन नकोत असे सांगितले आहे. घाईने हिसकल्यासारखा, ज्यात पहिला स्वर खाल्ला जातो. तोडलेला, ज्यात शेवटचा "न" गिळला जातो. आणि अनाथ आमेन, म्हणजे कुठल्या आशीर्वादाला उत्तर देतो आहोत हे माहीत नसताना म्हटलेला.

तुमच्या सभागृहात हा तिसरा प्रकार हमखास घडणार. मागच्या रांगेला वाचकाचे शब्द ऐकू आले नाहीत की लोक शेजाऱ्याचे ऐकून आमेन म्हणतात आणि तो लाटेसारखा उशिरा पोचतो. अलेक्झांड्रियाच्या सिनेगॉगबद्दल तालमूदात लिहिले आहे की ते इतके मोठे होते की आमेनची वेळ झाली की सेवक मधल्या चौथऱ्यावरून फडके हलवून इशारा करी. तुम्हाला फडके नको, पण पुस्तिकेत लोकांचे शब्द ठळक छापा आणि वाचकाला "लोक म्हणोत" नंतर आवाज खाली आणून थांबायला सांगा. "आमेन" छोटा आहे म्हणून तो एकदम पडतो. "तसे होवो" किंवा "तसेच असो" सरावाशिवाय एकत्र पडत नाही. म्हणवून घेऊन बघा.

तबला_आणि_बाकी

मी अर्थात पडत नाही, पण स्मिताताई, चाल कुठल्या तालात आहे? कारण शब्द बदलला की मात्रा बदलतात आणि त्याचा भुर्दंड आम्हाला.

"हालेलूया" लिहिले तर हा-ले-लू-या, चारही गुरू, आठ मात्रा. केरव्याचे एक आवर्तन पूर्ण. "आलेलुया" असे ऱ्हस्व लु ने लिहिले तर सात, म्हणजे रूपक. "परमेशाचे स्तवन करा" मोजले तर आठ आणि सहा, चौदा. केरव्यात ते दोन आवर्तनांत बसते, पण शेवटी दोन मात्रा रिकाम्या राहतात. तिथे गायकांना "करा"चा आकार लांबवावा लागेल, नाहीतर सगळे समेच्या आधी येऊन उभे राहतील.

आमची अडचण वेगळीच आहे. आमच्या गटात निम्मे हालेलूया म्हणतात, निम्मे आलेलुया. एका ओळीत दोन्ही आले की एक मात्रा मागेपुढे होते. यात शुद्ध कुठले?

वसईचा_वाचक

दोन्ही शुद्ध. हिब्रूत सुरुवातीला ह आहे. ग्रीक लिपीत तो लिहिला गेला नाही, आणि लॅटिनमध्ये "अलेलुइया" आले. कॅथलिक मराठीत तिकडून आले म्हणून आपल्याकडे ह नाही. प्रोटेस्टंटांनी हिब्रूकडे पाहून ह ठेवला. तालापुरते सांगायचे तर एकच रूप ठरवा आणि अवग्रहांसह छापा: आ ऽ ले ऽ लु ऽ या ऽ. आठ घरे, ह असो वा नसो.

तबला_आणि_बाकी

हे चालेल. आमेनचेही सांगतो, हिब्रूत जोर "मे"वर आहे असे ऐकले आहे. खरे असेल तर "आ" समेच्या आधी उचला आणि "मे" समेवर ठेवा. उलटे केले तर "आम" वर सम येते आणि न लटकतो.

भायखळा_लेन

खरे आहे, जोर दुसऱ्या अक्षरावरच.

माहीमची_स्मिता

चाल केरव्यातच आहे. आमेन ठेवते, तथास्तु काढले. पण हालेलूयाचे काय? मला "परमेशाचे स्तवन करा" आवडते. ते कळते तरी.

जुनापाठ

इथे मी तितका ठाम नाही. हालेलूयात उघड अर्थ आहे: "हालेलू" म्हणजे तुम्ही सगळे स्तुती करा, आणि "याह" हे देवाच्या नावाचे आखूड रूप. मराठी भाषांतरात "परमेशाचे" हे मुद्दाम आहे. पूर्ण नावासाठी परमेश्वर आणि आखूड रूपासाठी परमेश. स्तोत्र ११७ पाहा, दोनच वचनांचे आहे. सुरुवातीला पूर्ण नाव घेऊन "परमेश्वराचे स्तवन करा" आणि शेवटी "परमेशाचे स्तवन करा". तो शेवटचा हालेलूया आहे, पहिला नाही. "व" आणि "र" एवढ्या दोन अक्षरांच्या अंतरावर हा भेद टिकला आहे. छापताना कुणी "दुरुस्त" करून परमेश्वराचे केले की संपले. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा.

आणि एक. १०६ चा शेवटचा हालेलूया ग्रीकमध्ये तिथे नाहीच, तो पुढच्या स्तोत्राच्या डोक्यावर गेला आहे. म्हणजे तो लोकांच्या जबाबाचा भाग आहे, की स्तोत्राची चौकट, की पुढच्याची सुरुवात, हे प्राचीनांनाही एकमताने ठरवता आले नव्हते. तुम्ही "सर्व लोक म्हणोत, आमेन, हालेलूया" असे एका ओळीत छापले तर तो लोकांच्या तोंडी जातो. वेगळ्या ओळीवर टाकला तर गायनमंडळाचा होतो. इतिहासातल्या जुळ्या वचनात "लोकांनी आमेन म्हटले आणि परमेश्वराची स्तुती केली" असे आहे, म्हणजे तिथे लोकांनी दोन्ही केले.

वसईचा_वाचक

कॅथलिक गटाचे एक लक्षात घ्या. मार्चचा मध्य म्हणजे उपवासकाळ. त्या काळात आमच्या उपासनेत आलेलुया म्हणत नाहीत, शुभवर्तमानाआधीची घोषणासुद्धा वेगळी असते. ईस्टरच्या रात्री तो परत येतो. तुमचा कार्यक्रम उपासना नव्हे, त्यामुळे नियम अंगाला लागत नाही, पण काही गायक तोंड मिटून उभे राहतील हे गृहीत धरा. यातून भाषांतराच्या बाजूने एक मुद्दा निघतो. "परमेशाचे स्तवन करा" ते विनासंकोच गातील. एरवी मी मूळ शब्द ठेवण्याच्या बाजूचा आहे. रोमनेही २००१ च्या लिटुर्जियाम आउथेंटिकाम या सूचनापत्रात आलेलुया आणि आमेनसारखे प्राचीन शब्द मूळ भाषेत ठेवण्याचा विचार करा असे म्हटले आहे. पण या संध्याकाळी भाषांतर सोयीचे.

गिरगावकर_७२

म्हणजे कुठेतरी माझे बरोबर होते!

वसईचा_वाचक

कारण वेगळे, पण हो.

भायखळा_लेन

मला ही तडजोड पटत नाही. आमच्यापैकी जे येतील ते वर्षभर हालेलूया म्हणतात. एका गटाच्या कॅलेंडरसाठी सगळ्यांचा शब्द का जावा? गायनमंडळाला मूळ शब्द द्या आणि शेजारी अर्थ छापा. ज्यांना म्हणायचा नसेल ते अर्थाची ओळ म्हणतील.

तबला_आणि_बाकी

आठ मात्रांवर चौदा एकाच वेळी? नको हो.

माहीमची_स्मिता

हे गायनमंडळापुढे ठेवते. आता सेला. "विराम" ठेवू ना?

जुनापाठ

हा सगळ्यात अवघड. सेला स्तोत्रांत ७१ वेळा आणि हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायात ३ वेळा येतो. अर्थ नक्की नाही, आणि "थांबा, चिंतन करा" हा अंदाजांपैकी एक आहे, त्याहून जास्त नाही. ग्रीक डायप्साल्माचा अर्थ वाद्यांचा मधला तुकडा असावा असे मानतात. ते "मधले" म्हणूनच बहुधा स्तोत्राच्या अगदी शेवटी आलेला सेला, उदाहरणार्थ तिसऱ्या स्तोत्राचा, ग्रीकमध्ये गाळला आहे. उलट दुसऱ्या स्तोत्रात हिब्रूत नसताना ग्रीकमध्ये घातला आहे. जेरोमने हिब्रूवरून केलेल्या लॅटिन स्तोत्रांत "सेंपर", म्हणजे सदैव, असे केले.

विरामाविरुद्ध मुख्य अडचण स्तोत्र ६८:७ ची. तिथे "तू रानातून चाललास" यानंतर सेला येतो आणि वाक्य पुढच्या वचनात पूर्ण होते. वाक्याच्या मध्ये थांबून चिंतन कशाचे करायचे?

भायखळा_लेन

जेरोमचा "सदैव" आमच्याकडून गेला असावा. तालमूदात, एरुवीन ५४ अ मध्ये, सेला जिथे येतो तिथे "कधीही न थांबणारे" असा अर्थ सांगितला आहे. रोजच्या अमीदा या प्रार्थनेत "पवित्र जन तुझी रोज स्तुती करतात, सेला" असे येते, तिथेही तोच अर्थ घेतला जातो. म्हणजे आमच्या वाचनात सेलाचा अर्थ "न थांबणारे", आणि तुम्ही छापताय "विराम". अगदी उलट!

जुनापाठ

हे उलटेपण पुरेसे कारण आहे. अर्थ ठाऊक नसताना भाषांतर केले की आपला अंदाज मूळ ग्रंथाच्या नावावर खपतो. सेला तसाच ठेवा, पण मोठ्याने वाचू नका. ओळीच्या उजव्या टोकाला, छोट्या तिरप्या अक्षरांत, कंसाशिवाय. कंस दिसला की नवखा वाचक तो वाक्याचा भाग समजून वाचतो, आणि एकाने "सेला" म्हटले की सभागृह आमेनसारखा जबाब देते. वाचकाच्या प्रतीतून तो शब्द काढूनच टाका आणि तिथे फक्त तालाची खूण द्या.

४६ मध्ये एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सेला ३, ७ आणि ११ या वचनांनंतर आहे. ७ आणि ११ म्हणजे पालुपदच, "सेनाधीश परमेश्वर आमच्याबरोबर आहे". तिसऱ्या वचनानंतर मात्र पालुपद नाही, फक्त सेला. काही अभ्यासक तिथेही पालुपद होते आणि नकलताना गळले असे मानतात.

वसईचा_वाचक

मला सेला मोठ्याने म्हणण्यात चूक दिसत नाही. शास्त्रात आहे ते वाचायचे.

जुनापाठ

मग "प्रमुख गवयासाठी" हे शीर्षकही मोठ्याने वाचावे लागेल. तुम्ही वाचता?

वसईचा_वाचक

वाचतो.

भायखळा_लेन

सरावात एक गोंधळ टाळा. हिब्रू पुस्तकांत शीर्षकालाच पहिले वचन धरतात, त्यामुळे आमच्या प्रतीत हे सेला ४, ८ आणि १२ वर आहेत. कॅथलिक जुन्या प्रतींत स्तोत्राचाच क्रमांक ४५. "तिसऱ्या वचनानंतर थांबा" असे सांगितले तर तीन गट तीन ठिकाणी थांबतील. वचनाचे शेवटचे शब्द सांगा.

माहीमची_स्मिता

आत्तापर्यंतचा मसुदा:

वाचक: इस्राएलाचा देव परमेश्वर युगानुयुग धन्य असो, आणि सर्व लोक म्हणोत,
सर्व: आमेन.
गायनमंडळ: (हालेलूया किंवा परमेशाचे स्तवन करा, अजून ठरायचे)

सेला छोट्या अक्षरांत, मोठ्याने वाचायचा नाही. आमेनचा अर्थ पहिल्या पानावर एका ओळीत: "ऐकलेले खरे आहे आणि ते मला मान्य आहे".

गिरगावकर_७२

त्या एका ओळीत "तसे घडो" पण घाला. प्रार्थनेनंतरच्या आमेनसाठी तेही लागते, वाचकसाहेबांनीच वर सांगितले आहे.

माहीमची_स्मिता

घालते.

तबला_आणि_बाकी

पहिल्या सेलाला पालुपद घालणार की नुसते वाद्य वाजणार? घातले तर मला दोन आवर्तने जास्त लागतील, आणि पेटीवाल्याला शुक्रवारपर्यंत सांगायचे आहे.

माहीमची_स्मिता

नुसते वाद्य. मूळ पाठात नसलेली ओळ छापायला मी तयार नाही. दोन आवर्तने वाजवा आणि "सागर खवळला तरी" या कडव्याची शेवटची ओळ संपली की सुरू करा.